वेग ठरवतो पंप

काचेच्या चंबूत पाणी घ्यावं, त्यात लिटरमागे एक ग्रॅम ग्लुकोज, नायट्रोजनसाठी अमोनियाचा क्षार, फॉस्फेट आणि चिमूटभर मॅग्नेशियम विरघळवावं, ई. कोलाय जिवाणूंचे चार थेंब सोडावेत आणि चंबू ३७ अंश सेल्सिअसला हलत ठेवावा. सकाळी सोडलेलं स्वच्छ पाणी संध्याकाळपर्यंत गढूळ झालेलं असतं. सुरुवातीला साखर भरपूर असते, त्यामुळे जिवाणू त्यांना जमेल तितक्या जास्तीत जास्त वेगानं दुप्पट होत राहतात. मग साखर संपते आणि वाढ थांबते. आपण रात्री दुधाला विरजण लावतो तेव्हाही हेच घडतं, फक्त तिथे साखर संपण्याआधी साचलेलं आम्लच वाढीला लगाम घालतं.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात या वाढीचा आलेख असतो. आधी सपाट, मग चढ, मग पुन्हा सपाट. विद्यार्थी तो पाठ करतात आणि जिवाणू असेच जगतात असं मनाशी धरून बसतात. मला हा समज घातक वाटतो. या आलेखात जिवाणूंच्या दोनच अवस्था नीट दिसतात, एक चंगळ आणि दुसरी उपासमार. मधली टंचाई, म्हणजे अन्न आहे पण जेमतेम आहे ही स्थिती, त्यात जवळजवळ दिसतच नाही. चंबू जिवाणूंनी भरलेला असतो तेव्हा ते दर सेकंदाला लिटरमागे पाव मिलिग्रॅम साखर फस्त करत असतात. म्हणजे शेवटची काही मिलिग्रॅम साखर दोन-तीन मिनिटांत संपते. माती, नदी, समुद्र अशा ठिकाणी जिवाणूंचा बहुतेक काळ ज्या स्थितीत जातो, ती स्थिती चंबूत इतकाच वेळ टिकते. एवढ्या वेळात त्यांचा अभ्यास काय करणार?

दुसरी अडचण याहून चिवट आहे. समजा, थंडीचा जिवाणूच्या शरीरावर काय परिणाम होतो हे पाहायचं आहे. एक चंबू ३७ अंशांना ठेवला आणि दुसरा २५ अंशांना. दुसऱ्यातले जिवाणू वेगळे दिसले, तर तो परिणाम थंडीचा की थंडीमुळे वाढ मंदावल्याचा? ग्लुकोजऐवजी दुसरं अन्न दिलं तरी तोच पेच, कारण अन्न बदललं की वेगही बदलतो. वाढीचा वेग हा प्रत्येक प्रयोगात न बोलावता येऊन बसणारा पाहुणा आहे आणि चंबूत त्याला बाहेर काढायची सोय नाही.

ही सोय १९५० साली झाली, आणि तीही एकाच वर्षी दोन ठिकाणी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो यांनी अखंड संवर्धनाचं तंत्र आणि त्यामागचं गणित मांडलं. शिकागो विद्यापीठात आरोन नोविक आणि लिओ झिलार्ड यांनी स्वतंत्रपणे तेच उपकरण बांधलं आणि त्याला ‘केमोस्टॅट’ हे नाव दिलं. अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना ज्यांनी पहिल्यांदा मांडली तेच हे झिलार्ड; युद्धानंतर ते जीवशास्त्राकडे वळले होते. एकामागून एक दुप्पट होत जाणाऱ्या गोष्टींना काबूत कसं ठेवायचं, हा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

उपकरण दिसायला साधं आहे. एका भांड्यात जिवाणू वाढत असतात. पंपाच्या मदतीनं त्यात ताजं, निर्जंतुक पोषक द्रावण ठरावीक वेगानं सतत पडत राहतं. भांड्याला ठरावीक उंचीवर एक निकास असतो, त्यामुळे जेवढं द्रावण आत येतं तेवढंच जिवाणूंसकट बाहेर जातं आणि आतलं आकारमान कायम राहतं. ढवळणारं पातं आणि हवेचे बुडबुडे आतलं सगळं एकसारखं मिसळलेलं ठेवतात. पोषक द्रावणात एक घटक मुद्दाम तोकडा ठेवतात, म्हणजे बाकी सगळं भरपूर, पण तो एक जेमतेम. वाढीला मर्यादा घालणारा घटक तोच.

यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे विरलन दर. दर तासाला आत येणारं द्रावण भागिले भांड्यातलं एकूण द्रावण, एवढीच त्याची व्याख्या:

D = F / V

भांड्यात एक लिटर द्रावण आहे आणि पंप तासाला २०० मिलिलिटर टाकतो आहे, तर विरलन दर ताशी ०.२. याचा अर्थ, भांड्यातले जिवाणू तासाला वीस टक्के या दरानं बाहेर वाहून जात आहेत. आत राहिलेले जिवाणू वाढून भर घालत आहेत. त्यांच्या वाढीचा दर μ धरला, तर भांड्यातल्या जिवाणूंच्या संख्येचा हिशोब एका ओळीत मावतो:

dX/dt = μX − DX

भर आणि घट सारखी झाली की संख्या स्थिर होते, आणि तेव्हा μ = D असतो. वाढीचा दर विरलन दराएवढा होतो. पंपाचा वेग प्रयोग करणाऱ्याच्या हातात असल्यामुळे जिवाणूंच्या वाढीचा वेगही त्याच्या हातात येतो.

इथे वाचकाला शंका यायलाच हवी. पंप वेगानं फिरला म्हणून जिवाणू का ऐकतील? त्यांना पंपाची काय खबर? त्यांना खबर असते ती फक्त साखरेची, आणि खरी गंमत तिथेच आहे. समजा, एका क्षणी जिवाणू विरलन दरापेक्षा जास्त वेगानं वाढत आहेत. मग भांड्यात त्यांची गर्दी वाढेल, गर्दी जास्त साखर खाईल, उरलेली साखर कमी होईल आणि साखर कमी झाली की वाढ मंदावेल. उलट, ते विरलन दरापेक्षा हळू वाढत असतील, तर वाहून जाणारे जास्त आणि जन्मणारे कमी असं होऊन गर्दी घटेल, साखर खाणारी तोंडं कमी होतील, साखर साचू लागेल आणि वाढ वेग घेईल. दोन्ही बाजूंनी ढकलत ढकलत साखर नेमक्या त्या पातळीवर येऊन थांबते, जिथे वाढीचा दर विरलन दराएवढा असतो. बाहेरून कोणी काही मोजून दुरुस्त करावं लागत नाही.

साखरेची पातळी आणि वाढीचा दर यांचं नातं मोनो यांनीच सांगितलं होतं. साखर कमी असताना थोडी वाढवली तरी वेग झपाट्यानं वाढतो. साखर भरपूर झाली की वेग एका कमाल मर्यादेला टेकतो. कमाल वेगाच्या निम्मा वेग ज्या साखरेला मिळतो, त्या पातळीला Ks म्हणतात. हे नातं वरच्या हिशोबात घातलं की भांड्यात साखर किती उरेल ते निघतं:

S = Ks × D / (μmax − D)

आता आकडे घालून पाहू. आपल्या ई. कोलायचा कमाल वेग ताशी ०.९ धरू, म्हणजे चंगळ असताना ते साधारण ४६ मिनिटांत दुप्पट होतात. Ks मोनो यांच्या जुन्या मोजमापाप्रमाणे लिटरला ४ मिलिग्रॅम धरू. एक ग्रॅम साखरेतून अर्धा ग्रॅम कोरडं जिवाणू-वजन तयार होतं असं मानू. आत येणाऱ्या द्रावणात लिटरला १००० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे.

विरलन दर ०.२ ठेवला, तर सूत्रानुसार भांड्यात उरलेली साखर लिटरला जेमतेम १.१ मिलिग्रॅम येते. हजारातले नऊशे नव्व्याण्णव मिलिग्रॅम जिवाणूंनी खाल्ले. जिवाणूंचं वजन लिटरला सुमारे ५०० मिलिग्रॅम. त्यांना दुप्पट व्हायला लागणारा वेळ ०.६९३ भागिले ०.२, म्हणजे सुमारे साडेतीन तास. पंप तिप्पट वेगानं चालवला, विरलन दर ०.६ केला, तर उरलेली साखर ८ मिलिग्रॅम होते, दुप्पट होण्याचा काळ ६९ मिनिटांवर येतो आणि जिवाणूंचं वजन ४९६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास होतं तेवढंच राहतं. नुसतं बघणाऱ्याला दोन्ही भांडी सारखीच गढूळ दिसतील. आतल्या जिवाणूंचं जगणं मात्र पार बदललेलं असतं.

०.८ ला उरलेली साखर ३२ मिलिग्रॅम होते. ०.८९ ला ती एकदम ३५६ मिलिग्रॅमवर उडी मारते आणि जिवाणू ३२२ मिलिग्रॅमवर घसरतात. त्याच्या किंचित पुढे, ०.८९६ ला, कडा संपते. तिथून पुढे जिवाणू कितीही जोर लावोत, वाहून जाणाऱ्यांची भरपाई त्यांना करता येत नाही आणि भांडं हळूहळू धुऊन रिकामं होतं. याला वॉशआउट म्हणतात. कमाल वेगाजवळ केमोस्टॅट चालवणं त्यामुळे कठीण जातं. पंपाच्या वेगात एक टक्का फरक पडला तरी तिथे साखर आणि जिवाणू दोन्ही हेलकावे खातात. केमोस्टॅटची खरी ताकद मंद आणि मध्यम वेगाच्या पट्ट्यात आहे.

या सूत्रातली आणखी एक गोष्ट पहिल्यांदा वाचताना पटत नाही. उरलेल्या साखरेच्या सूत्रात आत येणाऱ्या द्रावणातल्या साखरेचा उल्लेखच नाही. लिटरला एक ग्रॅमऐवजी दोन ग्रॅम ग्लुकोज देऊ केलं, तरी भांड्यात उरणारी साखर तेवढीच राहते आणि जिवाणूंचा वेगही तेवढाच. दुप्पट होते ती फक्त त्यांची गर्दी. म्हणजे वेग एका बटणावर आणि संख्या दुसऱ्या बटणावर. प्रत्येक जिवाणूला जग तितकंच तुटपुंजं भासतं.

याचाच उपयोग करून एक महत्त्वाची तपासणी होते. आपण ग्लुकोज तोकडं ठेवलं आहे असं आपल्याला वाटतं, पण ते खरंच आहे का? कदाचित प्राणवायूच कमी पडत असेल, किंवा मॅग्नेशियम. आत येणाऱ्या द्रावणातलं ग्लुकोज दुप्पट करावं आणि बघावं. जिवाणू दुप्पट झाले, तर टंचाई ग्लुकोजचीच होती. झाले नाहीत, तर सगळा प्रयोग आपल्याला वाटत होता त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीबद्दल चालला होता.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेत केमोस्टॅट चालवणं म्हणजे बराचसा वेळ वाट पाहणं. पंपाचा नवा वेग लावला, की स्थिर अवस्था यायला भांड्यातलं द्रावण किमान तीन ते पाच वेळा बदलून जावं लागतं. विरलन दर ०.२ असेल, तर एकदा बदलायला पाच तास, पाचदा बदलायला पंचवीस. त्यानंतरही भांड्यातल्या मूळ द्रावणाचा शेकडा ०.७ भाग शिल्लक असतो. घाई करून आधीच नमुना घेतला, तर जुन्या आणि नव्या वेगाची खिचडी हाती येते. काही तासांच्या अंतरानं घेतलेल्या नमुन्यांचा गढूळपणा आणि कोरडं वजन सारखं येऊ लागलं, की मगच मोजमापं सुरू करायची.

नमुना घेण्यातही एक चकवा आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. विरलन दर ०.२ असताना भांड्यात लिटरला १.१ मिलिग्रॅम साखर उरली आहे असं आपण काढलं. पण भांड्यातले जिवाणू तासाला लिटरमागे जवळपास २०० मिलिग्रॅम साखर खात आहेत. म्हणजे पंपाचा पुरवठा थांबला, तर ती १.१ मिलिग्रॅम साखर संपायला साधारण वीस सेकंद पुरतात. नळीतून नमुना परीक्षानळीत घेतला, ती बर्फात ठेवायला हात वळला, की तेवढ्यात मोजायची साखर पोटात गेलेली असते. त्यामुळे नमुना बाहेर येताक्षणी गाळून जिवाणू वेगळे करावे लागतात किंवा वाढ तत्क्षणी मारणाऱ्या द्रवात तो सोडावा लागतो. नंतरच्या काळजीपूर्वक मोजमापांत ई. कोलायचा Ks मोनो यांच्या चार मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी खाली, मायक्रोग्रॅमच्या घरात निघाला. टंचाईत बराच काळ राहिलेले जिवाणू साखर ओढून घेण्याची यंत्रणा वाढवतात, हेही त्यामागचं एक कारण. आपले वरचे आकडे म्हणूनच नकाशासारखे वापरायचे. दिशा बरोबर दाखवतात, अंतरं भांड्यावर जाऊन मोजायची.

बिघाड होतात ते बहुधा ठरलेल्या जागी. जिवाणू काचेला चिकटून थर करतात. असा थर वाहून जात नाही आणि भांड्यात सतत नवे जिवाणू सोडत राहतो, त्यामुळे विरलन दर आणि वाढीचा दर यांची बरोबरी मोडते. हे ओळखायची रीत सोपी आहे. प्रयोगाच्या शेवटी पंप मुद्दाम कमाल वेगाच्या पुढे, समजा १.२ वर न्यावा. आपल्या ई. कोलायचा कमाल वेग ०.९ असल्यानं जिवाणूंची संख्या दर दोन तास वीस मिनिटांच्या आसपास निम्मी होत जायला हवी. ती निम्मी होता होता मध्येच अडकली आणि खाली जाईना, तर भिंतीवर कुणीतरी मुक्काम ठोकला आहे. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे जिवाणू पोषक द्रावणाच्या नळीतून उलटे चढत टाकीपर्यंत पोचतात. म्हणून नळी आणि भांडं यांच्यामध्ये हवेची पोकळी ठेवतात आणि द्रावण थेंबाथेंबानं पाडतात.

तिसरा प्रश्न मात्र दुरुस्तीचा नाही, तो जिवाणूंच्या स्वभावातच आहे, आणि केमोस्टॅटच्या जन्मापासून तो दिसत आला आहे. नोविक आणि झिलार्ड यांना उत्परिवर्तनांचा वेग मोजायचा होता. त्यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे ई. कोलाय घेतले, ट्रिप्टोफॅन तोकडं ठेवलं आणि टी५ या विषाणूला दाद न देणारे उत्परिवर्ती जिवाणू दिवसांमागून दिवस मोजले. त्यांची संख्या सरळ रेषेत वाढत गेली. त्यातून अनपेक्षित निष्कर्ष निघाला: या स्थितीत उत्परिवर्तनं पिढीमागे ठरावीक होत नव्हती, तासामागे ठरावीक होत होती. जिवाणू भरभर वाढवा की सावकाश, तासाचा दर तोच. वेग हातात असल्याशिवाय पिढी आणि तास वेगळे करताच आले नसते.

पण मग एके दिवशी ती सरळ रेषा अचानक खाली कोसळायची. विषाणूला दाद न देणारे एकदम कमी व्हायचे आणि पुन्हा शून्याजवळून चढू लागायचे. कारण त्या गर्दीत कुठेतरी ट्रिप्टोफॅनच्या टंचाईत जरा जास्त वेगानं वाढणारा एक जिवाणू तयार झालेला असे आणि त्याचा वंश बाकी सगळ्यांना भांड्याबाहेर ढकलत असे. केमोस्टॅट टंचाई स्थिर ठेवतो, पण म्हणूनच टंचाईत तरबेज असणाऱ्यांची निवडही तो अथक करत राहतो. भांड्यात अब्जावधी जिवाणू असतात, तेव्हा असा एखादा निपजणारच. शरीरक्रिया अभ्यासायची असेल, तर मोजमापं मोजक्या पिढ्यांत उरकावीत आणि काही आठवडे चाललेल्या भांड्यातल्या जिवाणूंना मूळ जिवाणू समजू नये. अशा निकालांवर मी तरी सहज विश्वास ठेवत नाही.

आता आधीच्या थंडीच्या प्रश्नाकडे वळू. वेग हातात आल्यावर त्याचं उत्तर मिळतं का? मिळतं, आणि ते चंबूतल्या उत्तरापेक्षा वेगळं निघतं. कोपनहेगनमध्ये शेक्टर, मालोए आणि केल्डगार्ड यांनी १९५८ साली साल्मोनेला जिवाणूंना वेगवेगळ्या पोषक द्रावणांत वाढवून दाखवलं होतं, की जिवाणू जितका भरभर वाढतो तितका तो मोठा असतो आणि त्यात आरएनए जास्त असतं. हे आरएनए बहुतेक रायबोसोममधलं, आणि रायबोसोम म्हणजे प्रथिनं बांधणारी यंत्रं. वेगानं वाढायचं तर यंत्रं जास्त हवीत, हे पटण्यासारखं आहे. पण त्यांच्याच प्रयोगात द्रावण तेच ठेवून तापमान कमी केलं तर वाढ मंदावली, तरी जिवाणूची घडण फारशी बदलली नाही. एवढ्यावरून थंडीचा जिवाणूच्या घडणीवर परिणामच होत नाही, असं कुणी म्हणू शकलं असतं.

इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन इथल्या सूक्ष्मजीव संशोधन संस्थेत डेव्हिड टेम्पेस्ट आणि हंटर यांनी १९६५ साली हाच प्रश्न केमोस्टॅटला विचारला. विरलन दर तोच ठेवला, म्हणजे वाढीचा वेग बांधून टाकला, आणि फक्त तापमान उतरवलं. जिवाणूंमधलं आरएनए वाढलं. थंडीत प्रत्येक रायबोसोम हळू काम करतो, तेव्हा वेग टिकवायचा तर यंत्रं वाढवावी लागतात. चंबूत वेग स्वतःच खाली येत होता, त्यामुळे ही वाढीव गरज कधी पुढे आलीच नव्हती.

याच संस्थेत केमोस्टॅटनं जी सगळ्यात मोठी गोष्ट उघड केली, ती नायट्रोजनच्या टंचाईची. प्रथिनं बनवायला जिवाणूला नायट्रोजन लागतो आणि अमोनियातला नायट्रोजन आत घेऊन तो आधी ग्लुटामेट या अमिनो आम्लात बसवला जातो. तिथून तो बाकीच्या अमिनो आम्लांत वाटला जातो. अमोनिया ग्लुटामेटमध्ये कसा बसतो, याचं उत्तर तेव्हा पक्कं मानलं जात होतं: ग्लुटामेट डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम एका झटक्यात ते काम करतं. चंबूतल्या, भरपूर अमोनियात वाढलेल्या जिवाणूंमध्ये हे एन्झाइम मुबलक सापडत होतं. शंका घ्यायला कारण नव्हतं.

टेम्पेस्ट आणि त्यांचे सहकारी एरोबॅक्टर एरोजीनिस, म्हणजे आज ज्याला क्लेब्सिएला म्हणतात त्या जिवाणूला अमोनिया तोकडा ठेवून केमोस्टॅटमध्ये वाढवत होते. ग्लुकोज भरपूर, अमोनिया जेमतेम. तिथे हिशोब जुळेना. हे जुनं एन्झाइम अमोनियाला सैल धरतं. ते नीट चालायला अमोनियाची पातळी चांगली वर असावी लागते, आणि या भांड्यात उरलेला अमोनिया त्याच्या कितीतरी खाली होता. तेवढ्या अमोनियात हे एन्झाइम वाढीचा वेग पेलूच शकलं नसतं. शिवाय या जिवाणूंत ते शोधायला गेलं तर जवळजवळ सापडतच नव्हतं. तरीही जिवाणू पंपाच्या वेगानं मजेत वाढत होते आणि त्यांच्यात ग्लुटामेटही भरलेलं होतं. ते कुठून येत होतं?

१९७० साली टेम्पेस्ट, मिअर्स आणि ब्राउन यांनी याचं उत्तर छापलं. टंचाईत जिवाणू दुसरी, दोन पायऱ्यांची वाट धरतो. पहिल्या पायरीवर ग्लुटामाइन सिंथेटेज हे एन्झाइम अमोनियाला अगदी कमी असतानाही घट्ट पकडतं आणि आधीच्या ग्लुटामेटवर बसवून ग्लुटामाइन तयार करतं. दुसऱ्या पायरीवर, तोवर कुणाला ठाऊक नसलेलं एक एन्झाइम ग्लुटामाइनवरचा तो नायट्रोजन काढून दुसऱ्या एका रेणूवर, २-ऑक्सोग्लुटारेटवर चढवतं, आणि एका ग्लुटामाइनपासून दोन ग्लुटामेट मिळतात. एक पुन्हा पहिल्या पायरीवर जातं, दुसरं हातात उरतं. या नव्या एन्झाइमला आज ग्लुटामेट सिंथेज म्हणतात. प्रयोगशाळांतून त्याचं ‘गोगॅट’ हे टोपणनावच जास्त चालतं.

ही वाट महाग आहे. पहिल्या पायरीवर अमोनियाच्या प्रत्येक रेणूमागे एटीपीचा एक रेणू, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च होतं. जुन्या वाटेला ते लागत नाही. म्हणून अमोनिया भरपूर असताना जिवाणू स्वस्त वाट वापरतो आणि अमोनिया दुर्मीळ झाला की ऊर्जा मोजून महाग पण पकडीला पक्की वाट धरतो. चंबूत हे दिसणं कठीण होतं, कारण तिथे अमोनिया एकतर भरपूर असतो नाहीतर संपलेला असतो. अमोनिया आहे, पण दुर्मीळ आहे, आणि तरीही वाढ बिनबोभाट चालू आहे, ही स्थिती दिवसभर धरून ठेवायची ताकद फक्त केमोस्टॅटमध्ये होती.

चार वर्षांनी, १९७४ साली, ली आणि मिफ्लिन या संशोधकांना वाटाण्याच्या पानांतल्या हरितलवकांमध्ये गोगॅट सापडलं. वनस्पती अमोनिया जुन्या डिहायड्रोजनेजच्या वाटेनंच घेतात असं तोवर मानलं जात होतं, तेही बदललं. भात, ज्वारी, हरभरा, गवत, सगळ्या हिरव्या वनस्पती आपला अमोनिया आज मुख्यतः याच दोन पायऱ्यांच्या वाटेनं ग्लुटामेटमध्ये बसवतात, असं मानलं जातं. आणि ही वाट पहिल्यांदा दिसली ती अमोनिया तोकडा ठेवलेल्या जिवाणूंच्या एका भांड्यात.